इथली महागाई, तिथली महागाई आणि पाच वर्षांनंतरचा डॉलर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंची मुलगी आठवीत आहे. पुढे अमेरिकेत शिकायचं हे तिचं आत्ताच ठरलंय. परवा त्या वीजबिलाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडूनच आल्या. "काका, आपल्याकडे महागाई चार टक्के, तिकडे दोन. म्हणजे डॉलर दरवर्षी दोन टक्क्यांनी महागणार, बरोबर ना? मग पाच वर्षांनी फीला किती रुपये लागतील?"

फोर्टमधल्या एका बँकेच्या फॉरेक्स डेस्कवर माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न तिथे निर्यातदारही विचारायचे, फक्त त्यांचे आकडे मोठे असायचे. बाईंचा अंदाज मुळात बरोबर आहे. त्याला सापेक्ष क्रयशक्ती समता म्हणतात. पण त्या दोन टक्क्यांतून फीपर्यंत जाताना वाटेत तीन-चार ठिकाणी पाय घसरतो, आणि वीजबिलामागच्या हिशोबातही तो घसरलाच होता. तोच हिशोब इथे सावकाश मांडतो.

हे तत्त्व काय म्हणतं, काय म्हणत नाही

क्रयशक्ती समता हे नाव स्वीडनचे अर्थतज्ज्ञ गुस्ताव कासेल यांनी १९१८ मध्ये रूढ केलं. पहिल्या महायुद्धात देशोदेशींच्या किमती वेगवेगळ्या वेगाने चढल्या होत्या. युद्धानंतर चलनांचे दर कुठे असायला हवेत, असा प्रश्न होता. त्यांचं उत्तर असं, की ज्या देशात किमती जास्त वाढल्या त्याचं चलन तेवढ्या फरकाने उतरायला हवं.

यात दोन दावे दडलेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. पहिला दावा असा, की एक डॉलर इथे आणि तिथे सारखीच वस्तू विकत घेईल. हे धादांत खोटं आहे. लोकलचं सेकंड क्लासचं किमान तिकीट पाच रुपये आहे, आणि तेवढ्या पैशांत न्यूयॉर्कच्या सबवेच्या दारातही कोणी उभं करणार नाही. केस कापणं, घरभाडं, लोकलचा प्रवास या गोष्टी जहाजात भरून निर्यात होत नाहीत, त्यामुळे त्यांच्या किमती सारख्या व्हायचं कारणच नाही. जागतिक बँकेच्या तुलनेत भारताचा क्रयशक्तीचा दर डॉलरला वीस रुपयांच्या आसपास येतो तो यामुळेच. तो आकडा दाखवून "रुपया खरा वीसचा आहे" असं कोणी सांगितलं, तर विषय तिथेच बदला.

दुसरा दावा सापेक्ष आहे, आणि आपल्याला तोच हवाय. आजचा दर योग्य की अयोग्य, यावर तो काहीच बोलत नाही. आजचा दर आहे तसा धरा, आणि इथून पुढे दोन्हीकडच्या किमती ज्या वेगाने वाढतील त्यातल्या फरकाएवढा दर सरकेल, एवढंच तो म्हणतो. पाच रुपयांचं तिकीट आणि सबवेचं भाडं यांतली दरी तशीच राहिली तरी या दाव्याला काही अडचण नाही.

पहिली पायरी: दर कुठल्या बाजूने वाचायचा

आपण "डॉलर ८५ रुपये" म्हणतो. म्हणजे एका डॉलरला किती रुपये, असं वाचतो. असं वाचलं की सूत्रात भारताची महागाई वर आणि अमेरिकेची खाली येते:

```
S1 = S0 × (1 + भारताची महागाई) / (1 + अमेरिकेची महागाई)
```

S0 म्हणजे आजचा दर, S1 म्हणजे वर्षभरानंतरचा अपेक्षित दर. उलटं लिहिलं तर महागाई जास्त असलेल्या देशाचं चलन वधारताना दिसतं. आकडे भरायच्या आधी मनाशी एक वाक्य म्हणायचं: जिथे महागाई जास्त, तिथलं चलन उतरणार. उत्तर या वाक्याशी जुळलं नाही, तर वरचं खाली झालंय.

एक बारीक गोष्ट. चार आणि दोन टक्के धरले तर डॉलर १.९६ टक्क्यांनी महागतो, पण रुपया १.९२ टक्क्यांनी स्वस्त होतो. हे दोन आकडे सारखे नसतात, कारण पाया बदलतो. वर्षभरासाठी हा फरक किरकोळ आहे, पण दहा वर्षांचा हिशोब करताना एकच बाजू धरून चला.

दुसरी पायरी: वजाबाकी नाही, भागाकार

चारातून दोन वजा केले की दोन उरतात. सूत्राने १.०४ भागिले १.०२ म्हणजे १.०१९६ येतात. फरक नगण्य आहे, त्यामुळे तोंडी हिशोबात वजाबाकी चालते. पण ती कधी चालत नाही हे पाहायला तुर्कस्तान घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये तिथली वार्षिक महागाई ६४.२७ टक्के होती आणि आपली ५.७२. वजाबाकीने साडेअठ्ठावन्न टक्के येतात, भागाकाराने सुमारे ५५.४. तीन टक्क्यांची चूक ही आपल्या आणि अमेरिकेच्या महागाईतल्या नेहमीच्या फरकापेक्षाही मोठी आहे. म्हणून सवय भागाकाराचीच ठेवा.

तिसरी पायरी: कुठली महागाई

खरं काम इथे आहे, आणि इथेच घाई होते.

भारतासाठी ग्राहक किंमत निर्देशांक घ्यायचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय तो दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास जाहीर करतं. अमेरिकेसाठी तिथल्या कामगार सांख्यिकी विभागाचा शहरी ग्राहकांचा निर्देशांक घ्यायचा. इकडचा घाऊक आणि तिकडचा किरकोळ अशी भेसळ करायची नाही. कालावधीही जुळवायचा. वार्षिक सरासरी महागाई घेतली तर दरही वार्षिक सरासरीचा, डिसेंबर ते डिसेंबर घेतली तर दरही डिसेंबर अखेरचा. दराचा आकडा मुंबईतली फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी संदर्भ दर म्हणून जाहीर करते, तो घ्या. गुगलवर दिसणारा किंवा विमानतळावरच्या मनी चेंजरच्या फलकावरचा दर घेऊ नका, कारण फलकावरच्या दरात त्याचा नफा मिसळलेला असतो.

तरीही एका महिन्याचा आकडा उचलून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायचा नाही. का, ते २०२३ च्या पावसाळ्यात स्पष्ट दिसलं. तेव्हा दादरच्या भाजी मार्केटात बायका टोमॅटो किलोने नाही, नगावर घेत होत्या. जूनमध्ये आपली महागाई ४.८७ टक्के होती. जुलैत ती ७.४४ वर गेली आणि सप्टेंबरमध्ये ५.०२ वर उतरली. अमेरिकेत या तीन महिन्यांत ती अनुक्रमे ३.०, ३.२ आणि ३.७ होती. आता सूत्र चालवा. जूनच्या आकड्यांवरून डॉलर वर्षभरात १.८ टक्क्यांनी महागेल असं उत्तर येतं, जुलैच्या आकड्यांवरून ४.१, आणि सप्टेंबरच्या आकड्यांवरून १.३. तीन महिन्यांत अंदाज दुपटीहून वर गेला आणि परत खाली आला. डॉलर मात्र या सगळ्या काळात ८२-८३ रुपयांच्या आसपासच घुटमळत होता.

याचं कारण निर्देशांकाच्या पोटात आहे. २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत अन्न आणि पेयांचा वाटा ४५.८६ टक्के होता. अमेरिकेच्या निर्देशांकात अन्नाचा वाटा याच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो. पाऊस लांबला, टोमॅटो-कांदा चढला, की आपला निर्देशांक उडी मारतो. पण टोमॅटो महागला म्हणून न्हावा-शेवाच्या बंदरातून जाणाऱ्या मालाची किंमत बदलत नाही, आणि डॉलरच्या मागणी-पुरवठ्याला त्याचा धक्काही बसत नाही.

म्हणून पुढे बघणारा हिशोब पुढच्या महागाईवरच करावा. एका वर्षासाठी रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचा महागाईचा अंदाज आणि अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा अंदाज घ्या. पाच-दहा वर्षांसाठी दोन्ही मध्यवर्ती बँकांची उद्दिष्टं घ्या. आपलं उद्दिष्ट ४ टक्के, वर-खाली दोन टक्क्यांच्या पट्ट्यासह, आणि ते २०१६ पासून कायद्यात आहे. फेडचं २ टक्के २०१२ मध्ये जाहीर झालं. बाईंनी वापरलेले "चार आणि दोन" कुठून आले हे त्यांना माहीत नव्हतं, पण लांबच्या हिशोबासाठी याहून बरे आकडे मलाही सुचत नाहीत.

चौथी पायरी: फीचा हिशोब

आजची फी वर्षाला ४०,००० डॉलर आणि आजचा दर ८५ रुपये धरू. तुम्ही करताना त्या दिवशीचा दर टाका. आज ही फी ३४ लाख रुपये होते. पाच वर्षांनंतरचा दर एक्सेलच्या एका चौकटीत असा निघतो:

```
=85*((1+4%)/(1+2%))^5
```

उत्तर ९३.६७ येतं. बाईंनी इथे ४०,००० गुणिले ९३.६७ करून साडेसदतीस लाख लिहिले होते आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

चूक इथे आहे. रुपया उतरतोय ते अमेरिकेतल्या किमती स्थिर असताना नाही. अमेरिकेत दोन टक्के महागाई आहे, हे आपणच सूत्रात लिहिलंय. मग फी मात्र पाच वर्षं ४०,००० वर कशी राहील? तीही किमान दोन टक्क्यांनी वाढेल आणि सुमारे ४४,१६३ डॉलर होईल. त्याला ९३.६७ ने गुणलं की ४१.३७ लाख रुपये येतात. म्हणजे साडेसदतीस लाखांवर जवळजवळ चार लाख जास्त.

आता दुसऱ्या वाटेने या. आजच्या ३४ लाखांवर पाच वर्षं नुसती आपली चार टक्के महागाई चढवा: ३४ गुणिले १.०४ चा पाचवा घात. उत्तर पुन्हा ४१.३७ लाखच! हा योगायोग नाही, तत्त्वाचा गाभाच हा आहे. सापेक्ष समता खरी ठरली, तर परदेशातली वस्तू रुपयांत आपल्या महागाईच्या वेगानेच महागते, ना कमी, ना जास्त. फरकातला दोन टक्के दर उचलतो आणि उरलेले दोन टक्के तिकडची किंमत उचलते. हा ताळा दर वेळी करून बघा. दोन वाटांची उत्तरं जुळली नाहीत तर कुठेतरी एक महागाई विसरली गेलीय, आणि बहुधा ती तिकडचीच असते.

विद्यापीठाची फी मात्र सर्वसाधारण महागाईच्या वेगाने चालेल याची हमी नाही. ज्या विद्यापीठाकडे डोळा आहे त्याची मागच्या काही वर्षांची फी त्याच्या संकेतस्थळावरून काढा आणि तिची स्वतःची वाढ हिशोबात घाला. दराच्या सूत्रात मात्र तिकडची सर्वसाधारण महागाईच राहील. तिथे फीवाढ घुसवायची नाही, नाहीतर फी जितकी जास्त वाढेल तितका डॉलर स्वस्त होईल असा विनोदी निष्कर्ष निघतो.

पाचवी पायरी: मागे वळून तपासा

सूत्रावर पैसे लावायच्या आधी ते भूतकाळावर चालवून बघावं. २०१४ मध्ये डॉलरचा सरासरी दर सुमारे ६१ रुपये होता. त्यानंतरच्या दहा वर्षांत आपल्याकडच्या किमती साधारण ६२ टक्क्यांनी वाढल्या, अमेरिकेतल्या साडेबत्तीस टक्क्यांनी. १.६२ भागिले १.३२५, गुणिले ६१. म्हणजे २०२४ मध्ये डॉलर ७५ च्या जरा खाली असायला हवा होता. प्रत्यक्षात २०२४ ची सरासरी सुमारे ८३.७ होती. सूत्र वर्षाला दोन टक्के म्हणत होतं, डॉलर महागला वर्षाला ३.२ टक्क्यांनी.

इथवर पाहिलं की माणूस म्हणतो, सूत्र रुपयाची घसरण नेहमी कमी दाखवतं. मग त्याआधीची दहा वर्षं बघा. २००४ मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या थोडा वर होता. २०१४ पर्यंत आपल्याकडच्या किमती साधारण २.२ पट झाल्या. ती दोन अंकी महागाईची वर्षं आठवत असतीलच. अमेरिकेत किमती सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढल्या. सूत्र म्हणालं, २०१४ मध्ये डॉलर ८० च्या आसपास हवा. प्रत्यक्षात ६१! त्या दशकात रुपया सूत्रापेक्षा खूप कमी उतरला. दोन्ही दशकं जोडली तर सूत्राचं उत्तर ९७-९८ येतं आणि खरा दर ८३.७.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. दिशा तिन्ही वेळा बरोबर आली, अंतर मात्र एकदाही नाही. आणि अंतराची चूक कुठल्या बाजूला दिसते, हे तुम्ही कुठल्या वर्षापासून मोजायला सुरुवात करता त्यावर ठरतं. २०१४ हे वर्ष २०१३ च्या मध्यातल्या रुपयाच्या पडझडीनंतरचं आहे, तरीही किमतींच्या मानाने रुपया तेव्हा चढाच होता. पुढच्या दशकात त्यातली काही हवा निघाली. शिवाय, गरीब देश कारखान्यांत झपाट्याने पुढे जातो तेव्हा तिथले पगार वाढतात, आणि पगारांबरोबर न्हाव्याचे, रिक्षाचे दरही चढतात. महागाई दिसते, पण निर्यातीचा माल तेवढा महागत नाही, म्हणून चलन सूत्राएवढं उतरत नाही. वीस वर्षांच्या हिशोबात रुपया सूत्रापेक्षा वर राहिला, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

जिथे सूत्र उलटं पडलं

एका वर्षासाठी सूत्र वापरणाऱ्याने २०२२ लक्षात ठेवावं. त्या वर्षी आपली सरासरी महागाई ६.७ टक्के होती आणि अमेरिकेची ८.०. सरासरीच्या आकड्यांनी पाहिलं तर २०२१ च्या सुमारे ७३.९ वरून डॉलर ७३ वर यायला हवा होता, म्हणजे रुपया वधारायला हवा होता. २०२२ ची सरासरी आली ७८.६, आणि वर्ष संपताना डॉलर ८२ च्या वर गेला होता. नुसतं अंतर चुकलं नाही, दिशाच चुकली.

कारण पैशांच्या वाहण्यात होतं. महागाई आवरायला फेडने त्या एका वर्षात व्याजदर जवळपास शून्यावरून सव्वाचार ते साडेचार टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. जगभरातला पैसा डॉलरकडे धावला आणि आपल्या शेअर बाजारातून परदेशी गुंतवणूकदार बाहेर पडले. त्यात युक्रेनच्या युद्धाने तेल भडकलं आणि तेल आपण डॉलरमध्ये घेतो. महागाईचा फरक वर्षाला एक-दोन टक्के दर सरकवतो, पण असा लोंढा एका महिन्यात तेवढा सरकवतो. म्हणून पुढच्या वर्षीचा डॉलर सांगायला मी हे सूत्र एकटं कधीच वापरत नाही.

एका वर्षाचं देणं असेल तर बँकेला फॉरवर्ड दर, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा आजच ठरणारा दर, विचारा. तो दोन्ही देशांच्या व्याजदरांतल्या फरकावरून निघतो, महागाईच्या फरकावरून नाही, आणि करार केला की तो दर बांधलेला असतो. सूत्राचं उत्तर आणि फॉरवर्ड दर जवळ आले तर उत्तम. लांब राहिले तरी बँक सूत्र बघून दर बदलून देणार नाही.

बाईंच्या कागदावर शेवटी काय राहिलं

पाच वर्षांसाठी आम्ही एका आकड्याऐवजी तीन लिहिले, आणि तिन्हींत फी ४४,१६३ डॉलर धरली. मधला आकडा सूत्राचा: दर ९३.६७, फी ४१.३७ लाख. वरचा आकडा २०१४ ते २०२४ चा वेग तसाच राहिला तर: वर्षाला ३.२ टक्क्यांनी दर ९९.५ होतो आणि फी सुमारे ४४ लाख. खालचा आकडा डॉलर ८५ वरच राहिला तर: साडेसदतीस लाखांच्या आसपास. गंमत म्हणजे बाईंचं पहिलं, चुकीचं उत्तरही जवळजवळ एवढंच होतं. म्हणजे फीवाढ विसरल्याचा परिणाम रुपया पाच वर्षं जराही उतरणार नाही असं धरल्यासारखाच झाला होता.

बचत वरच्या आकड्यावर करायची असं ठरलं. कागदाच्या खाली एक तारीख लिहिली, पुढच्या वर्षीची. त्या दिवशी जुना अंदाज पुढे रेटायचा नाही. त्या दिवशीचा खरा दर S0 म्हणून टाकायचा, उरलेली वर्षं चार धरायची आणि नव्याने गुणायचं. मधल्या वर्षात डॉलर सूत्राच्या पुढे गेला असेल तर "आता तो परत खाली येईल" असं धरून पैसे कमी बाजूला टाकायचे नाहीत. अशी दरी भरते तेव्हा ती निम्मी व्हायलाच तीन ते पाच वर्षं लागतात असं बहुतेक अभ्यासांतून दिसतं, आणि तेवढ्यात मुलगी कॉलेज संपवून व्हिसाच्या रांगेत असेल.